नकाशातला एक सेंटिमीटर

नकाशाच्या तळाशी ‘१ : ५०,०००’ असं छापलेलं असतं. सहावी-सातवीतली मुलं ते वाचतात आणि लगेच विचारतात, ‘पन्नास हजार काय? मीटर की किलोमीटर?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की दोन्ही बाजूंना एकच माप धरायचं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास हजार सेंटिमीटर, म्हणजेच ५०० मीटर. हे अंकप्रमाण झालं. ‘१ सेंमी = अर्धा किमी’ असं लिहिलं की ते शब्दप्रमाण.

पण हे मुलांच्या हाताला कळायला हवं, म्हणून आधी वर्गच मोजायला सांगावा. समजा, खोली ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद भरली. १ : १०० प्रमाणात ती ८ सेंमी बाय ६ सेंमीच्या चौकटीत बसते आणि सव्वा मीटरचा बाक सव्वा सेंटिमीटरचा होतो. दाराजवळची पाण्याची बाटली मात्र एक मिलिमीटरही भरत नाही. तिच्यासाठी ठिपकाच द्यावा लागतो. नकाशात विहिरीला आणि देवळाला चिन्हं का असतात, ते इथे समजतं. मग तीच खोली १ : ५० ने काढायला लावावी. चित्र १६ बाय १२ होतं, कागद चौपट लागतो. आकडा लहान झाला आणि नकाशा मोठा! बृहत् प्रमाण आणि लघु प्रमाण यांतला नेहमीचा गोंधळ इथेच सुटतो.

दुसरा उपक्रम दोऱ्याचा. १ : १०,००,००० च्या नकाशावर मुंबई ते पुणे पट्टीने मोजलं तर साधारण १२ सेंमी, म्हणजे १२० किमी भरतात. लोहमार्गाने मात्र हे अंतर १९२ किमी आहे. लोहमार्गावर दोरा वळणावळणाने ठेवून मोजला, तर पट्टीपेक्षा जास्त भरतो, तरी १९२ ला पोचत नाही. एवढ्या लहान नकाशात घाटातली बारीक वळणं सरळ करूनच काढलेली असतात. दोरा ताणू नये, नाहीतर तो वळणं सोडतो.

शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. नकाशाची झेरॉक्स लहान-मोठी केली की छापलेलं अंकप्रमाण चुकीचं ठरतं. रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती खरीच राहते. अशा प्रतीवर तिच्यावरूनच मोजावं.

आता तीन प्रश्न.
१. १ : ५०,००० च्या नकाशात दोन गावं ७ सेंमी अंतरावर आहेत. खरं अंतर किती?
२. शाळेचं आवार १ : १,००० मध्ये नीट दिसेल की १ : १,००,००० मध्ये?
३. पहिल्या प्रश्नातल्या नकाशाची लांबी-रुंदी झेरॉक्सवर निम्मी केली. नवं प्रमाण कोणतं?

उत्तरं : साडेतीन किमी, १ : १,००० मध्ये, १ : १,००,०००.