भिंती काटकोनात नसतात

उभ्या असलेल्या इमारतीचे मोजमाप घेऊन तिचे नकाशे काढणे या कामाला वास्तुरचनाकारांच्या कार्यालयात ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याला काही महिने एखाद्या कार्यालयात उमेदवारी करावी लागते आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम आले की हे मोजमाप बहुधा त्याच्याच वाट्याला येते. नव्या इमारतीत नकाशा आधी असतो आणि भिंत नंतर उभी राहते. इथे क्रम उलटा आहे. भिंत दीडदोनशे वर्षांपूर्वीच उभी राहिली आहे आणि कागदाने तिच्यामागे जायचे आहे. पुण्याच्या एखाद्या पेठेतला दुमजली वाडा उदाहरणादाखल घेतला, तर या कामातल्या बहुतेक अडचणी एकाच छपराखाली भेटतात.

काम टेपने सुरू होत नाही, पेन्सिलीने होते. आधी वाडाभर फिरून प्रत्येक मजल्याचा कच्चा नकाशा हाताने काढतात. तो प्रमाणात नसला तरी चालतो, पण त्यात दार, खिडकी, कोनाडा, खांब, जिन्याची पायरी यांतले काही सुटता कामा नये. मजल्याचा नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण 1.2 मीटर उंचीवर इमारत आडवी कापली असता वरून जे दिसेल ते. म्हणून त्या उंचीला कापली जाणारी भिंत ठळक रेघेने येते, खालचा उंबरा बारीक रेघेने आणि डोक्यावरची तुळई तुटक रेघेने. हा कच्चा कागद मोठा असावा. नवशिक्या उमेदवार वहीच्या पानावर अख्खा मजला बसवतो आणि दुसऱ्या खोलीपर्यंत पोचतो तेव्हा आकडे लिहायला जागाच उरत नाही.

मोजायला तिघे लागतात. एक जण टेपचे शून्य कोपऱ्यात धरतो, दुसरा आकडा वाचतो आणि तिसरा तो मोठ्याने परत उच्चारून लिहितो. ही परतबोली कंटाळवाणी वाटते, पण ‘पाच बेचाळीस’चे ‘पाच बावीस’ होणे तिच्यामुळेच टळते. सोबत वाड्याची डागडुजी करणारा मिस्त्री असेल तर तो फूट, इंच आणि सूत बोलतो. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत सुमारे 3 मिलिमीटर. दोन्ही पद्धती एकाच कागदावर आल्या की गोंधळ ठरलेला, त्यामुळे एकक पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे लागते.

माजघराची एक भिंत घेऊ. तिच्यात एक खिडकी, एक कोनाडा आणि एक दार आहे. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत एक माप, मग खिडकीची रुंदी, मग पुढचा भिंतीचा तुकडा असे करत गेले तर सात तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक धरली आणि सगळ्या चुका एकाच बाजूच्या निघाल्या, तर भिंतीच्या टोकाला साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून टेपचे शून्य एकदा कोपऱ्यात लावले की ते हलवत नाहीत आणि वाचन सलग घेतात: खिडकी सुरू 0.86, संपली 1.79, कोनाडा 2.71 ते 3.20, दार 4.02 ते 4.98, पलीकडचा कोपरा 5.42. असे केले की एका वाचनातली चूक पुढच्या वाचनाला लागत नाही. टेप ताणलेला असावा एवढे मात्र पाहावे लागते, कारण मध्ये झोळ पडला की अंतर आहे त्याहून जास्त भरते. कापडी टेप स्वतःच ताणला जातो. त्यामुळे लांब अंतराला पोलादी टेप बरा.

हल्ली लेझरचे मापयंत्र सर्रास वापरतात. ते झटपट आहे, एकट्याने चालवता येते, मात्र त्याची एक खोड ओळखून असावे. यंत्र आपल्या मागच्या कडेपासून मोजते की पुढच्या, हे एका कळीवर ठरते. ती कळ नकळत दाबली गेली की प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढा, म्हणजे बहुधा दहाबारा सेंटिमीटरचा, फरक पडतो. चूक सगळ्या खोल्यांत सारखीच असल्यामुळे एकेका आकड्याकडे पाहून ती कळत नाही. दिवसाच्या सुरुवातीला आणि जेवणानंतर एक ठरावीक अंतर टेपने आणि लेझरने मोजून ताडून पाहिले की ती लगेच उघडी पडते. चौकातल्या उन्हात लेझरचा ठिपका दिसेनासा होतो; तिथे पुन्हा टेपच हाती येतो.

आता माजघराच्या चार भिंती: 5.42, 3.64, 5.37 आणि 3.58 मीटर. समोरासमोरच्या बाजू जवळजवळ सारख्या आहेत, तेव्हा खोली आयताकृती असावी असे वाटते. पण चार बाजूंनी चौकोनाचा आकार ठरत नाही. चार काड्या टोकांना खिळवल्या तरी त्यांचा चौकोन कलतोच. त्याला जखडतो तो कर्ण. म्हणून प्रत्येक खोलीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजतात. या खोलीत ते 6.57 आणि 6.41 भरले. खोली खरोखर आयत असती तर दोन्ही साडेसहाच्या आसपास सारखे आले असते. सोळा सेंटिमीटरचा फरक सांगतो की खोली तिरकी आहे. पहिल्या कोपऱ्याचा कोन 90 अंशांऐवजी सुमारे 88.4 अंश आहे. मिस्त्रीचा गुण्या लावूनही कोपऱ्याचा कल कळतो, पण गुण्याचा हात लहान असतो आणि चुन्याच्या गिलाव्याचा फुगवटा त्याला फसवतो. कर्ण फसत नाही.

चार बाजू आणि एक कर्ण एवढ्यावर आकृती पक्की होते. मग दुसरा कर्ण कशाला? तो ताळा आहे. पहिल्या पाच मापांवरून खोली काढली की कागदावरचा दुसरा कर्ण मोजायचा. तो 6.41च्या एक-दोन सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे आला तर काम ठीक आहे. सहा-सात सेंटिमीटरचा फरक आला तर पाचांपैकी कुठले तरी माप चुकले आहे. अशा वेळी परत वाड्यात जाणे भाग असते. कार्यालयात बसून आकडे जुळवणे हा या कामातला सर्वात मोठा अप्रामाणिकपणा.

भिंतीची जाडी टेपने थेट मोजता येते ती फक्त दाराखिडकीपाशी. जिथे भोक नाही तिथे ती वजाबाकीने काढतात. या वाड्याची बाहेरून लांबी 14.90 मीटर आहे. आतल्या दोन खोल्या 5.42 आणि 6.86 मीटर. मधली भिंत आणि एका टोकाची भिंत दारांच्या चौकटीपाशी प्रत्येकी 0.62 भरते. उरली दुसऱ्या टोकाची, बिनदाराची भिंत. हिशेब करता तिची जाडी 1.38 मीटर येते, म्हणजे जोडीदार भिंतींच्या दुपटीहून जास्त. इथे नवखा उमेदवार आपले माप चुकले असे धरून चालतो. ते आधी तपासावेच. पण माप बरोबर निघाले तर भिंतीच्या पोटात काहीतरी आहे. जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीत घेतलेले चिंचोळे जिने असतात, विटांनी बुजवलेली फडताळे असतात. वरच्या मजल्यावर त्याच जागी जमिनीतला जोड दिसला, तर शंका बळावते. हिशेबात न बसणारा आकडा वाड्यातली गोष्ट सांगतो ती अशी.

उंचीची मापे जमिनीपासून घेण्याचा मोह टाळावा लागतो, कारण वाड्यातली जमीन सपाट असल्याचा काही भरवसा नसतो. त्याऐवजी दिंडीदरवाज्याच्या उंबऱ्यापासून बरोबर एक मीटर उंचीवर खूण करून तीच पातळी सगळ्या खोल्यांत फिरवतात. त्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते: दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत राहते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर मात्र ते राहत नाही. म्हणून आधी दोन्ही टोके शेजारीशेजारी धरून पाणी समान आहे ना ते पाहतात. खुणा चिकटपट्टीवर करतात, जुन्या गिलाव्यावर पेन्सिल लावत नाहीत. या रेघेपासून खाली जमीन आणि वर कडीपाट मोजला की माजघराच्या चार कोपऱ्यांत जमीन 1.00, 1.01, 1.04 आणि 1.03 मीटर खाली असल्याचे दिसते. एक बाजू चार सेंटिमीटर बसली आहे. जमिनीपासूनच मोजले असते तर खोलीची उंची प्रत्येक कोपऱ्यात वेगळी आली असती, आणि दोष जमिनीचा की छताचा हे कळलेच नसते. वरच्या मजल्यावर पातळी नेण्यासाठी चौकात सज्जातून टेप खाली सोडतात.

खांबांचे दुखणे वेगळे. चौकाभोवतीचे लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे असतात आणि वर्षानुवर्षांच्या भाराने कलतात. दोन खांबांमधला खण तळाशी आणि छातीच्या उंचीला वेगळा भरतो. म्हणून दोन्हीकडे मोजतात आणि ओळंबा सोडून खांब किती, कुठल्या दिशेला कलला तेही टिपतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर या कागदांतून सर्वात आधी शोधतो ते हेच.

मापे घेतल्या दिवशीच संध्याकाळी ती संगणकावर चढवावीत. आठवड्याने आपलेच अक्षर लागत नाही. ऑटोकॅडमध्ये माजघर काढताना आधी 5.42ची रेघ मारतात, मग तिच्या एका टोकापासून 3.58 त्रिज्येचे आणि दुसऱ्या टोकापासून 6.41 त्रिज्येचे वर्तुळ. ती जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. याच रीतीने चौथा. इथे उमेदवाराचा हात सवयीने `F8` कडे जातो. त्या कळीने `ORTHO` चालू झाले की रेघा आडव्या-उभ्याच ओढल्या जातात आणि तिरका वाडा निमूटपणे काटकोनात बसतो. नकाशा सुबक दिसतो, पण तो या वाड्याचा राहत नाही. दुसरी लबाडी मापाच्या अक्षरात होते: रेघ 5.36ची, पण वरचा आकडा हाताने बदलून 5.42 लिहिलेला. पुढे कोणी त्या रेघेवरून नवी तुळई कापून आणली की ती सहा सेंटिमीटर आखूड पडते.

किती अचूक असावे हे कागदाचे प्रमाण ठरवते. 1:50 प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे कागदावर 0.2 मिलिमीटर, जवळपास रेघेची जाडी. त्याहून बारीक अचूकता मजल्याच्या नकाशात दिसणारच नाही. मिलिमीटर मोजायचे ते 1:5 प्रमाणात काढलेल्या चौकटीच्या नक्षीसाठी. माजघराचा कोपरा दहा सेंटिमीटर सरकला आहे, तो 1:50ला कागदावर 2 मिलिमीटर दिसतो. म्हणून तो दाखवायचाच.

स्वच्छ कागद म्हणजे रेघांची उतरंड राखलेला कागद: कापलेली भिंत सर्वात जाड, समोर दिसणारी कड मध्यम, फरशीचे सांधे सर्वात बारीक. मापे इमारतीबाहेर ओळीने लावतात, बाहेरच्या ओळीत एकूण लांबी आणि आतल्या ओळीत तुकडे. उत्तर दिशा, प्रमाणपट्टी आणि मापे घेतल्याची तारीख हवी, कारण वाडा पुढच्या पावसाळ्यात असाच असेल असे नाही. भेगा आणि ओल वेगळ्या कागदावर दाखवतात. भाडेकरूने कुलूप लावलेली खोली असेल तर तिच्या भिंती तुटक रेघेने काढून ‘आत जाता आले नाही’ असे लिहितात. शेजारच्या खोलीवरून अंदाजाने ती भरून काढली, तर पाहणाऱ्याला मोजलेली रेघ आणि कल्पलेली रेघ यांतला फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.