शेवटच्या बिंदूचे शेजारी

ग्राफ थिअरीचा वर्ग सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मी फळ्यावर पीटरसनचा ग्राफ काढतो. ज्युलियस पीटरसन या डॅनिश गणितज्ञाने तो १८९८ मध्ये मांडला होता. बाहेर एक पंचकोन, त्याच्या कोपऱ्यांना ०, १, २, ३, ४ असे क्रमांक. आत आणखी पाच बिंदू : ०च्या आत ५, १च्या आत ६, असे करत ४च्या आत ९. बाहेरचा प्रत्येक बिंदू आपल्या आतल्या बिंदूला जोडायचा. आतले बिंदू मात्र एक सोडून एक जोडायचे : ५ ते ७, ७ ते ९, ९ ते ६, ६ ते ८ आणि ८ ते पुन्हा ५, म्हणजे आत पाच टोकांची चांदणी तयार होते. बिंदू १०, त्यांना जोडणाऱ्या कडा १५, आणि प्रत्येक बिंदूला नेमके तीन शेजारी. बिंदूला किती शेजारी आहेत, त्या आकड्याला त्याची डिग्री म्हणतात. इथे सगळ्यांची डिग्री ३.

मग विधान लिहितो : ग्राफमधल्या प्रत्येक बिंदूची डिग्री निदान k असेल, तर त्या ग्राफमध्ये k कडांचा मार्ग असतोच. मार्ग म्हणजे कडेकडेने जाणारी वाट, जिच्यात एकही बिंदू दोनदा येत नाही. आपल्या ग्राफसाठी k = ३, म्हणजे तीन कडांचा मार्ग मिळायला हवा. हे विधान पीटरसनच्या ग्राफपुरते नाही. किमान डिग्री १० असलेला, लाखो बिंदूंचा, कुणीही कसाही जोडलेला ग्राफ घेतला तरी त्यात दहा कडांचा मार्ग आहे, असा त्याचा दावा आहे. ग्राफ न बघता हे सांगायचे कसे, हा खरा प्रश्न.

सिद्धता सांगण्याआधी मी एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावतो आणि मार्ग काढत जा म्हणतो. नियम एवढाच की नवा बिंदू मिळतो तोवर पुढे जायचे आणि अडकल्यावर खडू खाली ठेवायचा. एका विद्यार्थिनीने काढलेला मार्ग मी वहीत उतरवून ठेवला आहे, कारण त्यात सगळे काही दिसते. ती ०पासून निघाली. पुढे ५, ७, ९, ६, ८, ३ आणि शेवटी ४. तिथे ती थांबली. ४चे शेजारी ०, ३ आणि ९, आणि तिन्ही आधीच मार्गावर येऊन गेलेले. आठ बिंदू, सात कडा.

“सर, आता कुठेच जाता येत नाही,” ती म्हणाली.

सिद्धता नेमकी या वाक्यात आहे. ४वर अडकलो याचा अर्थ ४चा एकही शेजारी मार्गाबाहेर उरलेला नाही. एखादा उरला असता, तर एक कड वाढवून तिथे जाता आले असते. आता ४ला निदान तीन शेजारी आहेत हे आपण गृहीतच धरले आहे. ते तिघेही मार्गावर असतील, तर मार्गावर ते तीन आणि स्वतः ४ असे किमान चार वेगवेगळे बिंदू आहेत. चार बिंदूंच्या मार्गात तीन कडा असतात. झाले. ३च्या जागी k लिहा : अडकलेल्या टोकाचे निदान k शेजारी मार्गावर, त्यात टोक स्वतः मिळवून k + १ बिंदू, म्हणून निदान k कडा. मार्ग त्याहून लांब निघाला, तर त्यातला k कडांचा तुकडा घ्यायचा.

पुस्तकात हीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत असते : ग्राफमधला सर्वांत लांब मार्ग घ्या. त्याच्या टोकाचा एखादा शेजारी मार्गाबाहेर असेल, तर तो जोडून आणखी लांब मार्ग मिळेल, आणि आपण घेतलेला मार्ग सर्वांत लांब होता याला बाध येईल. तेव्हा सगळे शेजारी मार्गावरच आहेत. पुढची मोजणी वरच्यासारखीच.

‘सर्वांत लांब’ हे शब्द वाचून बरेच विद्यार्थी बिचकतात. सर्वांत लांब मार्ग शोधायचा कसा, असे ते विचारतात, आणि त्यांचे बिचकणे रास्त आहे. मोठ्या ग्राफमध्ये तो शोधून काढणे फार अवघड काम आहे. कोणत्याही ग्राफवर झटपट चालेल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. पण इथे तो शोधायचाच नाही. बिंदू मोजके असले की मार्गही मोजकेच, आणि मोजक्या मार्गांत एखादा सर्वांत लांब असणारच. तो आहे एवढे पुरते. त्याच्याबद्दल आपण एकच गोष्ट वापरतो : टोकाला तो पुढे वाढत नाही. हा गुण तर फळ्यावर अडकलेल्या मार्गातही होता, आणि तो मार्ग सर्वांत लांब नव्हता. त्याचे दुसरे टोक पाहा. ०चे शेजारी १, ४ आणि ५, आणि १ तर मोकळाच आहे. तिकडून १ जोडा, १पासून २ जोडा : २, १, ०, ५, ७, ९, ६, ८, ३, ४. दहाही बिंदू आले, नऊ कडा झाल्या. याहून लांब मार्ग असूच शकत नाही.

म्हणून ‘सर्वांत लांब’ आणि ‘पुढे न वाढणारा’ यांतला फरक मी विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घेतो. सिद्धतेला दुसरे पुरते, आणि दुसरे मिळवणे सोपे आहे. चालत राहायचे. मार्गावर k किंवा त्याहून कमी बिंदू आहेत तोवर अडकणे शक्यच नाही, कारण टोकाला k शेजारी हवेत आणि मार्गावर टोक सोडून k – १च बिंदू आहेत. एक तरी शेजारी बाहेर असणारच. कुठूनही निघा, कोणतीही कड निवडा, पहिल्या k पावलांत वाट बंद होत नाही.

चुका बहुधा एकाच ठिकाणी होतात. शेजारी मार्गावर आहेत हे कळले की काही जण ते ओळीने लागून आहेत असे मानतात आणि टोकापासून मागे k पावले मोजतात. आपल्या मार्गात ४चे शेजारी कुठे आहेत ते पाहा. मार्गावरच्या जागा शून्यापासून मोजल्या, तर ० शून्याव्या जागी, ९ तिसऱ्या, ३ सहाव्या आणि ४ स्वतः सातव्या जागी. ते विखुरलेलेच आहेत. सिद्धतेला त्यांची फक्त संख्या हवी आहे, जागा नको.

पण जागांकडे लक्ष दिले, तर जास्त काही हाती लागते. सर्वांत दूरचा शेजारी, म्हणजे ०, घ्या आणि ४पासून थेट त्याच्यावर या. ०, ५, ७, ९, ६, ८, ३, ४ आणि परत ० : आठ कडांचे चक्र तयार. k शेजारी मार्गावर असतील, तर त्यांतला सर्वांत दूरचा निदान k पावले मागे असतो. म्हणून k निदान २ असला, की प्रत्येक अशा ग्राफमध्ये k + १ किंवा जास्त कडांचे चक्रही मिळते, तेही त्याच सिद्धतेत.

आणखी एक गोष्ट. पीटरसनच्या ग्राफमध्ये त्रिकोण नाही आणि चौकोनही नाही. सर्वांत लहान चक्र पाच कडांचे. ४चे दोन शेजारी मार्गावर दोनच पावलांच्या अंतरावर असते, तर ४मधून चौकोन तयार झाला असता. एकाच पावलावर असते तर त्रिकोण. म्हणून त्यांच्यात निदान तीन पावलांचे अंतर हवे. शेवटचा शेजारी टोकाच्या एक पाऊल मागे, त्याच्या आधीचा निदान चार पावले मागे, त्याही आधीचा निदान सात पावले मागे. म्हणजे या ग्राफमध्ये सात कडांच्या आत कुणी अडकूच शकत नाही. ती विद्यार्थिनी बरोबर सातव्या कडेला अडकली, शक्य तितक्या लवकर.

विधानातला प्रत्येक शब्द कामाचा आहे, हे तो काढून पाहिल्यावर कळते. ‘प्रत्येक’ काढा : मधे एक बिंदू आणि त्याला जोडलेले शंभर बिंदू. मधल्याची डिग्री १००, पण सर्वांत लांब मार्ग दोन कडांचा, कारण इतरांची डिग्री १ आहे. दोन बिंदूंमध्ये एकच कड हवी, ही अट काढा : दोनच बिंदू घेऊन त्यांच्यात तीन कडा ओढा. डिग्री ३, मार्ग एका कडेचा. कडा तीन असल्या तरी शेजारी एकच आहे, आणि आपण शेजारी मोजत होतो. बिंदू अनंत असले, तर सर्वांत लांब मार्ग असेलच असे नाही. दोन्ही बाजूंना न संपणाऱ्या बिंदूंच्या रांगेत तो नसतो. तिथे पुस्तकातली सिद्धता पहिल्याच ओळीत थांबते, पण चालत राहण्याची रीत तशीच लागू पडते.

k हा आकडा याहून वाढवता येत नाही. चार बिंदू एकमेकांना जोडा. प्रत्येकाची डिग्री ३, आणि चारच बिंदू असल्याने मार्ग तीन कडांपुढे जात नाही. अशा शंभर चौकड्या सुट्या ठेवल्या, तर बिंदू चारशे होतात, मार्ग मात्र तीनच कडांचा राहतो.

सुटेपणा घालवला की चित्र बदलते. कुठल्याही बिंदूवरून कुठेही जाता येते असा जोडलेला ग्राफ घ्या आणि यावेळी खरोखरच सर्वांत लांब मार्ग घ्या. त्यात m कडा आहेत असे म्हणू. आता दोन्ही टोकांचे सगळे शेजारी मार्गावर आहेत. शेवटच्या टोकाच्या प्रत्येक शेजाऱ्यावर खूण करा, आणि पहिल्या टोकाच्या प्रत्येक शेजाऱ्याच्या एक पाऊल आधीच्या बिंदूवरही खूण करा. खुणा निदान २k, आणि त्यांना जागा m. २k हे mपेक्षा मोठे असेल, तर कुठेतरी एकाच बिंदूवर दोन्ही खुणा पडतात. तिथे मार्ग तोडून दोन्ही टोके उलटसुलट जोडली की मार्गावरच्या सगळ्या बिंदूंचे एक चक्र होते. बाहेर एखादा बिंदू उरला असेल, तर ग्राफ जोडलेला असल्याने बाहेरची कुठली तरी कड चक्राला येऊन मिळते. तिथे चक्र तोडले की आधीपेक्षा लांब मार्ग, आणि तो तर असू शकत नाही. म्हणून जोडलेल्या ग्राफमध्ये एक तर २k कडांचा मार्ग असतो, नाहीतर सर्व बिंदूंतून जाणारा मार्ग असतो.

किमान डिग्री एकूण बिंदूंच्या निम्मी किंवा जास्त असेल आणि बिंदू निदान तीन असतील, तर सर्व बिंदूंतून जाणारे चक्र मिळते, हे गॅब्रिएल डिरॅकचे १९५२चे प्रमेय. त्याची नेहमी शिकवली जाणारी सिद्धता वरच्याच दोन खुणांची आहे. पीटरसनच्या ग्राफला ती लागू पडत नाही : दहा बिंदूंना डिग्री पाच हवी, आणि तिथे तीन आहे. फळ्यावरचा नऊ कडांचा मार्ग २पासून ४पर्यंत जातो, पण २ आणि ४ शेजारी नाहीत. मार्ग बदलून पाहिला तरी दहा बिंदूंचे चक्र या ग्राफमध्ये होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. ते का होत नाही, हा मी मुलांना देत असलेला पुढचा गृहपाठ.