डिपॉझिट परत मागताना

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी आलेली बरीच मुलं कॉट बेसिसवर राहतात. राहायला येताना डिपॉझिट आधी मोजून घेतलं जातं. सोडताना मात्र तेच पैसे "पुढच्या आठवड्यात" मिळणार असतात. फोन करकरून कंटाळलेला विद्यार्थी शेवटी पत्र लिहायला बसतो आणि पहिलं पान पाण्याच्या बोंबा आणि मेसच्या आमटीवर खर्च करतो. तक्रारी खऱ्याच असतील, पण त्यामुळे मालकाला उत्तर द्यायला दुसराच विषय मिळतो.

समजा, लातूरच्या एका मुलीने १०,००० रुपये डिपॉझिट भरलं होतं. ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी कळवून तिने ३१ मे रोजी खोली सोडली. वॉर्डनबाईंनी गादी, कपाट, किल्ल्या पाहिल्या, वीजबिलाचा वाटा घेतला आणि क्लिअरन्सच्या कागदावर 'काही बाकी नाही' लिहून सही केली. जुलै उजाडला, पैसे नाहीत. आता मालक म्हणतो, रंगकामाचे कापावे लागतील.

तिच्या पत्राचा सगळा भार त्या सहीवर हवा. "आपल्या वॉर्डननी ३१ मे रोजी खोली तपासून माझ्याकडे काही बाकी नसल्याचे लिहून दिले आहे. रक्कम कापायची असल्यास कशाची व किती, याचा हिशोब बिलांसह कळवावा. अन्यथा १०,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावेत." एवढा मजकूर पुरे. सोबत डिपॉझिटची पावती, करार आणि क्लिअरन्स यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद हातचे सोडू नयेत. पत्र पावतीवर ज्याचं नाव आहे त्यालाच, स्पीड पोस्टने पाठवावं आणि पोचल्याचा पुरावा जपावा.

रंगाचं काय? राहून राहून भिंत मळणं ही मोडतोड नव्हे. कपाटाची फोडलेली काच ही मोडतोड. पण करारात 'रंगकामाचे इतके रुपये कापले जातील' असं कलम असेल आणि त्याखाली मुलीची सही असेल, तर वाद अवघड होतो. अशा वेळी ती रक्कम बाजूला ठेवून उरलेले पैसे आधी मागितलेले बरे.

पंधरा दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे मालकाशी बोलणी होतात, आदेश मात्र निघत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, म्हणजे या मुलीला लातूरमधूनच ती दाखल करता येईल. एवढ्या छोट्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

खरी अडचण येते ती डिपॉझिट रोख देऊन पावती न घेतलेल्यांची, किंवा क्लिअरन्सचा एकुलता एक कागद वॉर्डनकडेच जमा करून आलेल्यांची. त्यांच्यासाठी "डिपॉझिट कधी मिळेल?" या मेसेजला मालकाने दिलेलं "देतो" हे उत्तरही कामाचं असतं. ते डिलीट करू नये.