फोडणीचा वास नकोसा होतो तेव्हा

गरोदरपणाच्या ६व्या आठवड्याच्या सुमारास, मोहरी तडतडून लसूण तेलात पडताच उठणारा रोजचा वासही पोट ढवळून काढतो. नाक तीक्ष्ण होते असे म्हणतात, पण चाचण्यांत तसे ठामपणे दिसलेले नाही. बदलते ती वासावरची प्रतिक्रिया. वारेतून येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक मेंदूतील मळमळीचे केंद्र चेतवते. तेव्हा हे नखरे नव्हेत. तापल्या तेलातून वास झपाट्याने पसरतो, म्हणून फोडणी घरातल्या दुसऱ्या कुणी, खिडकी उघडून द्यावी. गरोदर बाईला गार दहीभात किंवा कोरडी भाकरी सोसते; गार अन्नाला वास कमी. बहुतेकींचा त्रास १६ ते २० आठवड्यांत ओसरतो. पाणीही पोटात टिकेना, लघवी कमी आणि गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.