बासुंदी बाधली, नोटीस धाडली, पुढे?

लग्नाचं जेवण बाधलं की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणतं, ‘वकिलाकडून नोटीस पाठवा, पैसे झक मारत देईल.’ पण नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती आपली लेखी मागणी असते. केटररने उत्तर दिलं नाही, तर एवढ्यावरून त्याचा दोष सिद्ध होत नाही. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे, असंही कायदा म्हणत नाही. तरी ती द्यावी, कारण केटररचं म्हणणं लेखी हाती येतं. मात्र तक्रारीची दोन वर्षांची मुदत पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबत नाही.

‘पन्नास जण आजारी पडले, आणखी काय पुरावा हवा?’ हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. आजारी पडलेल्यांची नुसती यादी अर्धीच गोष्ट सांगते. समजा, दुपारी एकच्या पंगतीला 250 माणसं जेवली. 150 जणांनी बासुंदी खाल्ली, त्यांतल्या 38 जणांना उलट्या झाल्या. बासुंदी न घेतलेल्या 100 जणांपैकी फक्त दोघांना त्रास झाला. संशय बासुंदीवर जातो तो या दुसऱ्या आकड्यामुळे. म्हणून ठणठणीत राहिलेल्यांनाही फोन करून काय खाल्लं, काय नाही, हे विचारून ठेवा. आदल्या रात्री हळदीला कोण जेवलं होतं तेही विचारा, कारण साल्मोनेलासारख्या जंतूंचा त्रास सुरू व्हायला कधी कधी दिवस जातात. शेवटचं जेवणच दोषी असतं असं नाही.

केटररचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘दूध खळाखळा उकळलं होतं.’ ते खरंही असेल, तरी तो सुटत नाही. आटवलेलं दूध तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिलं आणि वाढप्याच्या हातांतून स्टॅफिलोकॉकस त्यात गेला, तर त्याचं विष तयार होतं आणि ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. उलट्या जेवणानंतर दोन-चार तासांतच सुरू झाल्या असतील, तर ही शक्यता दाट. म्हणून नोटिशीत ‘निकृष्ट अन्न’ असं मोघम लिहू नये. पदार्थ, वाढल्याची वेळ, प्रत्येकाला त्रास सुरू झाल्याची वेळ आणि दवाखान्याचे कागद द्यावेत. उरलेली बासुंदी फेकू नका, फ्रीजमध्ये ठेवून लगेच अन्न व औषध प्रशासनाला कळवा. नमुना उरला नसेल तरी दावा बुडत नाही, पण मग वरच्या नोंदींवरच सगळी भिस्त राहते.

‘पैसे यजमानाने दिले, पाहुण्यांना काय अधिकार?’ असंही ऐकू येतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो. तेव्हा सलाईन लागलेल्या मावशीही स्वतःच्या खर्चाची भरपाई मागू शकतात.