पाचगणीला पाऊस कमी का?

कॉलेजात प्रेझेंटेशन म्हटलं की बहुतेक मुलं आधी लॅपटॉप उघडतात. पुस्तकातले परिच्छेद स्लाइडवर चढतात आणि वर्गात पडद्याकडे तोंड करून तेच वाचून दाखवलं जातं. ऐकणाऱ्यांचं ते तोवर वाचून झालेलं असतं. पण खरं नुकसान बोलणाऱ्याचं होतं. विषय आपल्याला कळलेलाच नाही, याचा त्याला पत्ता लागत नाही.

भूगोलातला नेहमीचा विषय घेऊ, पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला दोन हजारांच्या आत, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की जेमतेम सातशे-आठशे. कारण सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं: नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, त्यामुळे पश्चिमेला भरपूर पाऊस पडतो आणि पूर्वेची बाजू कोरडी राहते.

आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर हे कारण स्वतःच्या शब्दांत लिहायला घ्या आणि प्रत्येक ‘त्यामुळे’पाशी थांबून ‘का?’ विचारा. वारा अडला तर पाऊस का पडावा? हवा वर चढते म्हणून. वर चढली की काय होतं? थंड होते, ढग बनतात. का थंड होते? इथे पेन अडतं, किंवा ‘वर थंडी असते म्हणून’ असं लिहिलं जातं. ते चूक आहे. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा पसरते आणि पसरायला लागणारी ऊर्जा तिच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च होते.

लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवलं होतं. चेनची झिप कशी चालते हे आपल्याला कितपत समजतं, असं विचारलं की लोक स्वतःला बरे गुण देतात. मग पायरीपायरीने लिहून दाखवायला सांगितलं की तेच लोक गुण खाली आणतात.

कागदावरची ही फट आकड्यांनी बुजवता येते. चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. ढग बनू लागला की वाफेतली उष्णता बाहेर पडते, मग हा वेग निम्म्यावर, ५ अंशांच्या आसपास येतो. समजा, कोकणात हवा २८ अंशांवर आहे आणि ५०० मीटरवर ढग धरतो. तिथे ती २३ अंशांवर येईल. पुढे १३०० मीटरच्या माथ्यापर्यंत आणखी ४ अंश उतरून १९. वाटेत पाऊस पडून गेला. आता हीच हवा पूर्वेला वाईच्या ७०० मीटरपर्यंत उतरली, तर दाबली जाऊन ६ अंशांनी तापेल आणि २५ वर पोचेल. चढताना याच उंचीवर ती २२ अंशांवर होती. म्हणजे हवा तीन अंशांनी गरम, आणि त्यातली बरीचशी वाफ गेलेली. ढग टिकणार कसा? प्रत्यक्षात वारे इतके शिस्तीत चढत-उतरत नाहीत, हेही वर्गात सांगावं. पण हे गणित ज्याने हाताने केलं, त्याला कागद बघावा लागत नाही.

स्लाइडची पाळी इथे, सगळ्यात शेवटी येते. तीन पुरतात: सह्याद्रीचा उभा छेद, त्याच छेदावर लिहिलेली तापमानं आणि तीन गावांच्या पावसाचे तीन खांब. वाक्य एकही नको. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर दहा मिनिटांत हजारेक शब्द होतात, आणि दोन मिनिटं प्रश्नांना ठेवली की आठशेच उरतात. मोसमी वाऱ्यांच्या व्याख्येत आणि इतिहासात मुलांची निम्मी वेळ जाते. ते सरळ कापावं आणि हवा थंड का होते याला तीन मिनिटं द्यावीत. सराव मोठ्याने, स्लाइड न लावता, घड्याळ लावून करावा. जिथे जीभ ‘म्हणजे... तसं...’ करत अडखळते, तिथे बहुधा समजच कच्ची असते. तेवढ्यापुरतं पुस्तक उघडावं.

शेवटची परीक्षा मित्राला घ्यायला सांगावी. त्याने एवढंच विचारावं: पाचगणीही जवळपास महाबळेश्वरइतकीच, तेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. मग तिथे पाऊस एवढा कमी का? ज्याने ‘उंचीमुळे पाऊस’ एवढंच पाठ केलंय, तो गप्प बसेल. ज्याने हवेची चढण-उतरण कागदावर काढली आहे, तो छेदावर बोट ठेवून सांगेल, की महाबळेश्वर पश्चिमेच्या कड्यावर आहे, हवा तिथे एकदम उभी चढते. पाचगणीला पोचेपर्यंत ती चढण संपलेली असते आणि बराचसा पाऊस मागे पडून गेलेला असतो.