स्वस्त सळई महाग पडते तेव्हा

समजा, एका छोट्या कारखान्यात लोखंडी पिना बनतात. हजार पिनांना प्रमाणानुसार 2,000 किलो सळई लागावी, दर किलोला 70 रुपये. प्रत्यक्षात 66 रुपयांची सळई मिळाली, पण 2,150 किलो खपली. दरात 8,600 रुपये वाचले. जादा खपलेल्या 150 किलोंचे, प्रमाण दरानेच, 10,500 गेले. म्हणजे मालावर निव्वळ 1,900 रुपयांचा तोटा.

मजुरीही पाहावी लागते. 500 तासांचे काम 540 तासांत झाले. तासाला 100 रुपये धरले, तर आणखी 4,000 गेले. मालक सहसा कामगारांना धारेवर धरतो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. आधी भंगाराची नोंदवही आणि टूल किती वेळा बदलले ते पाहा. कडक, वाकडी सळई आली असेल, तर दोन्ही आकडे त्याच आठवड्यात चढतात. मग चूक खरेदीची, लेथवरच्या माणसाची नव्हे.

एक काळजी मात्र घ्या. तुलना नेहमी प्रत्यक्ष झालेल्या उत्पादनाशी करा. 1,200 पिनांचा बेत असताना हजारच झाल्या आणि खर्च 1,200च्या अंदाजाशी ताडला, तर हा सगळा तोटा बचत म्हणून दिसेल.